राजीनाम्यातली शेवटची तारीख

जानेवारीच्या अखेरीस एका गुरुवारी रात्री माझा भाचा घरी आला. चाकणच्या एका वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी विभागात तो साडेचार वर्षं काम करत होता. दुसऱ्या कंपनीचं ऑफर लेटर हातात आलं होतं आणि १ एप्रिल २०२६ ला रुजू होतो, असं तो त्यांना कळवूनही बसला होता. ‘मामा, एवढं पत्र बघ ना. उद्या देऊन टाकतो,’ म्हणत त्याने मोबाइल माझ्यासमोर धरला.

पत्र तीन वाक्यांचं होतं. ‘वैयक्तिक कारणांमुळे मी माझ्या पदाचा तत्काळ राजीनामा देत आहे. नियमानुसार दोन महिन्यांचा नोटीस पीरियड मी पूर्ण करीन. तरी कृपया मला लवकरात लवकर कार्यमुक्त करावे.’

बावीस वर्षं मी कारखान्यांच्या एच.आर. विभागांत काढली. असं पत्र मी किती वेळा वाचलं असेल, त्याची मोजदाद नाही. पहिलं वाक्य म्हणतं, मी आजच चाललो. दुसरं म्हणतं, दोन महिने आहे. तिसरं म्हणतं, दोन महिन्यांच्या आधी सोडा. हे पत्र ज्याच्या टेबलावर जातं त्याने यातली कोणती तारीख धरायची? तो आपल्या सोयीची धरतो, आणि त्याला दोष देता येत नाही, कारण तिन्ही वाक्यं लिहिणाऱ्याचीच असतात. एखाद्याला ‘तत्काळ’ या शब्दावर बोट ठेवून त्याच दिवशी संध्याकाळी ओळखपत्र जमा करायला लावलं जातं. दुसऱ्याला ठरलेल्या दिवसानंतरही आठवडाभर थांबवलं जातं आणि तो बिचारा ‘मी तर दोन महिने लिहिले होते’ म्हणत राहतो.

‘नियमानुसार’ हा शब्द तर मला सगळ्यात जास्त खटकला. ‘कोणता नियम?’ मी विचारलं. ‘सगळे दोन महिनेच म्हणतात,’ तो म्हणाला. सगळे म्हणजे कँटीनमधले सगळे. खासगी नोकरीत बहुतेक अधिकाऱ्यांचा, इंजिनिअरांचा आणि कार्यालयीन कर्मचाऱ्यांचा नोटीस पीरियड त्यांच्या स्वतःच्या करारात लिहिलेला असतो. शेजारच्या टेबलावरच्या माणसाचा करार वेगळा असू शकतो. एकाच दिवशी लागलेल्या दोघांचेही वेगळे असू शकतात, कारण एकाला मध्ये बढती मिळालेली असते.

मी त्याला म्हटलं, ‘आधी तुझं अपॉइंटमेंट लेटर काढ.’ अर्ध्या तासाच्या शोधानंतर मोबाइलमधून तीन कागद निघाले. पहिलं २०२१ चं अपॉइंटमेंट लेटर. त्यात सहा महिने प्रोबेशन, प्रोबेशनमध्ये पंधरा दिवसांची आणि कायम झाल्यावर एक महिन्याची नोटीस. दुसरं २०२२ चं कन्फर्मेशन लेटर. ‘बाकीच्या अटी पूर्वीप्रमाणे’ एवढंच त्यात होतं. तिसरं २०२४ चं, सीनिअर इंजिनिअर केल्याचं आणि पगार वाढवल्याचं पत्र. आकडा बघून आनंदाच्या भरात त्याने ते सही करून परत पाठवलं होतं. त्याच्या दुसऱ्या पानावर सातव्या कलमात लिहिलं होतं की या श्रेणीपासून दोन्ही बाजूंना साठ दिवसांची लेखी नोटीस लागू राहील, ती एच.आर. प्रमुखांकडे द्यावी आणि ती मिळाल्याच्या तारखेपासून मुदत मोजली जाईल.

तेव्हा त्याला बांधणारा कागद हा तिसरा. नोटिशीबद्दल बोलणारा आणि दोन्ही बाजूंनी मान्य केलेला सगळ्यात अलीकडचा कागद शोधायचा, ही पहिली पायरी. पगारवाढीच्या पत्रात नोटीस वाढवलेली असते हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की आता कुणी पगारवाढ झाल्याचं सांगितलं तर मी आधी दुसरं पान विचारतो. प्रोबेशनवरच्या मंडळींनी आणखी एक गोष्ट पाहावी. सहा महिने उलटले म्हणजे आपण कायम झालो, असं बहुतेक जण धरून चालतात. पण पुष्कळ करारांत स्पष्ट लिहिलेलं असतं की लेखी कन्फर्मेशन मिळेपर्यंत प्रोबेशन चालूच राहील. तसं असेल आणि ते पत्र आलंच नसेल, तर आठव्या महिन्यातही प्रोबेशनचीच नोटीस लागू असते, आणि ती सहसा कमी असते. लोक उगाचच महिनाभर जास्त थांबतात.

कधी मुदत सहीच्या कागदावर नसते, कंपनीच्या पोर्टलवरच्या धोरणात बदललेली असते. ‘कंपनीचे वेळोवेळी बदलणारे नियम लागू राहतील’ असं करारात असेल, तर कंपनी त्या नव्या मुदतीवर बोट ठेवते. नसेल, तर तुम्ही सही केलेल्या मुदतीवर ठाम राहायला जागा असते. अशा वेळी धोरणाची त्या दिवशीची प्रत उतरवून घ्यावी आणि पत्रात आपण कोणत्या कागदाचा आधार घेतो आहोत ते नाव घेऊन लिहावं. वाद झालाच तर निदान तो कोणत्या कागदावरून आहे हे दोघांनाही कळतं.

आता ‘साठ दिवस’ आणि ‘दोन महिने’. भाच्याला हे दोन्ही एकच वाटत होतं. बोलण्यात एकच आहे, कॅलेंडरवर नाही. आपल्याकडे १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टमध्ये महिना म्हणजे इंग्रजी कॅलेंडरचा महिना, अशी व्याख्या आहे. ती कायद्यांच्या शब्दांसाठी आहे, पण वेगळं काही लिहिलेलं नसेल तर करारातला महिनाही तसाच मोजण्याची रीत आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये हिमाचल टेक्नो इंजिनिअर्स या कंपनीच्या प्रकरणात हे उलगडून सांगितलं. वाद लवादाच्या निवाड्याला आव्हान देण्याच्या मुदतीचा होता, नोकरीचा नव्हता. पण तीन महिने म्हणजे नव्वद दिवस नव्हेत, महिने तारखेला तारीख जोडून मोजायचे, हे तिथे स्पष्ट झालं. तीस जानेवारीला दोन महिने जोडले की तीस मार्च येतो, मध्ये फेब्रुवारी अठ्ठावीस दिवसांचा असला तरी. आणि तीस जानेवारीला एकच महिना जोडायचा असेल, तर तीस फेब्रुवारी नसल्यामुळे मुदत फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी संपते.

दिवस असतील तर मात्र एकेक मोजावे लागतात. आणि तिथे पहिला प्रश्न येतो की पत्र दिलं तो दिवस धरायचा का? त्याच १८९७ च्या कायद्याचं नववं कलम सांगतं की ‘अमुक तारखेपासून’ असं म्हटलं की ती तारीख सोडायची आणि दुसऱ्या दिवसापासून मोजायला लागायचं. शेवटचा दिवस मात्र धरायचा. करारातही हीच पद्धत वापरणं सगळ्यात सुरक्षित, कारण तिच्यात तुमचा दिवस कमी भरल्याचं कुणी म्हणू शकत नाही.

मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलं. पत्र शुक्रवारी, ३० जानेवारीला दिलं आणि त्याच दिवशी पोचलं, असं धरू. ३० तारीख सोडायची. ३१ जानेवारी हा पहिला दिवस. फेब्रुवारीचे अठ्ठावीस धरून एकोणतीस झाले. मार्चचे एकतीस मिळवले की बरोबर साठ. म्हणजे शेवटचा दिवस मंगळवार, ३१ मार्च २०२६. दोन महिने असते तर ३० मार्च आला असता. इथे साठ दिवस एका दिवसाने लांब ठरतात. हेच पत्र १ जुलैला दिलं असतं, तर दोन महिने १ सप्टेंबरला संपले असते आणि साठ दिवस ३० ऑगस्टलाच, कारण जुलै आणि ऑगस्ट दोन्ही एकतीसचे. त्यामुळे ‘जवळपास सारखंच’ म्हणून चालत नाही. करारात जे एकक आहे तेच पत्रात आलं पाहिजे. साठ दिवस असतील तर साठ दिवस लिहा, दोन महिने असतील तर दोन महिने. करारात ‘कामाचे दिवस’ असं असेल तर मात्र हिशेब वेगळाच होतो. मग रविवार आणि कारखान्याच्या यादीतल्या सुट्ट्या वगळून मोजावं लागतं आणि आठवड्याला सहा दिवस काम असेल तर साठ दिवसांना दहा आठवडे लागतात. नुसतं ‘दिवस’ असेल तर त्यात रविवारही आला आणि सणही आले.

३१ मार्च ऐकून भाचा खूश झाला. १ एप्रिलला रुजू व्हायचं, मध्ये एक दिवसही वाया जात नाही. ‘मग उद्या रात्री घरून साहेबांना मेल टाकतो,’ तो म्हणाला. साहेब म्हणजे त्याचा मॅनेजर. आणि मॅनेजर त्या दिवसापासून घरच्या लग्नाला गावी गेलेला, सोमवारी येणार.

खरा घोळ इथेच होतो, तारीख मोजण्यात होतो त्याहून जास्त. सातव्या कलमात मुदत ‘मिळाल्याच्या तारखेपासून’ होती आणि पत्र द्यायचं होतं एच.आर. प्रमुखांना. मॅनेजरने सोमवारी, २ फेब्रुवारीला मेल उघडून एच.आर.कडे पुढे पाठवला असता, तर कंपनीच्या लेखी नोटीस २ फेब्रुवारीला मिळाली. मग ३ फेब्रुवारी हा पहिला दिवस. फेब्रुवारीचे सव्वीस, मार्चचे एकतीस, झाले सत्तावन्न. उरलेले तीन एप्रिलमधले. शेवटचा दिवस ३ एप्रिल, आणि २०२६ मध्ये त्या दिवशी गुड फ्रायडे. नव्या कंपनीत १ एप्रिलला हजर व्हायचं वचन आणि जुन्या कंपनीच्या कागदावर ३ एप्रिलपर्यंत नोकरी.

तीन दिवसांनी असं काय बिघडतं, असं वाटू शकतं. पहिलं म्हणजे पैसे कापले जातात. दुसरं, रिलीव्हिंग लेटर ‘नोटीस पूर्ण नाही’ म्हणून अडकतं आणि नवी कंपनी रुजू होताना पहिल्यांदा तेच मागते. तिसरं, भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीत जुन्या नोकरीची सोडल्याची तारीख ३ एप्रिल आणि नव्या नोकरीची रुजू झाल्याची तारीख १ एप्रिल अशी पडते. या दोन तारखा एकमेकींवर चढल्या की पुढे खातं जोडताना खुलासे देत बसावं लागतं. माझ्या अनुभवात लोकांना सगळ्यात जास्त हेलपाटे घालायला लावणारी गोष्ट हीच आहे, आणि ती कळते दोन-तीन वर्षांनी, घराचं काम निघाल्यावर पैसे काढायला गेलं की.

ईमेल कधी ‘मिळाला’ याबद्दल २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या तेराव्या कलमात तरतूद आहे. समोरच्याने अशा कामासाठी एखादा पत्ता ठरवून दिला असेल, तर मेल त्या पत्त्याच्या यंत्रणेत शिरला तेव्हा तो मिळाला असं धरलं जातं. साहेबांनी उघडला कधी, हा प्रश्न उरत नाही. पण पत्ता ठरवून दिलेला असताना मेल भलत्याच पेटीत गेला, तर तो वाचला कधी यावर सगळं अवलंबून राहतं. म्हणून करारात जो पत्ता किंवा जो अधिकारी सांगितला आहे त्यालाच पत्र जायला हवं. मॅनेजरला प्रत जाऊ द्या, शिष्टाचार म्हणून त्याच्याशी आधी बोला, पण नोटीस त्याच्या नावावर अवलंबून ठेवू नका. कागदी पत्र द्यायचं असेल तर दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. आणि शुक्रवारी रात्री बारा वाजता पाठवण्यापेक्षा कचेरीच्या वेळेत पाठवा. करारात वेळेबद्दल काही असो वा नसो, वादाला एक कारण कमी होतं.

ज्या कंपन्यांत पोर्टलवर राजीनामा टाकावा लागतो तिथे यंत्र स्वतःच शेवटची तारीख मोजून दाखवतं. ती तारीख खरी मानून पुढे जाऊ नका, आपल्या हिशेबाशी ताडून पाहा. बढतीनंतरची नवी मुदत यंत्रात भरलेलीच नसते, असं मी पाहिलं आहे. बऱ्याच पोर्टलवर आपल्याला हवी असलेली तारीख लिहायची एक वेगळी चौकट असते. ती विनंती असते. तिच्यात तारीख टाकली म्हणजे सुटका झाली असं नाही.

मग आम्ही पत्र नव्याने लिहायला बसलो. त्याच्या कंपनीत ते इंग्रजीतच जाणार होतं, पण आधी मराठीत नीट मांडून घेतलं, म्हणजे काय म्हणायचं ते पक्कं होतं. मजकूर असा झाला.

‘मी सीनिअर इंजिनिअर, क्वालिटी, या पदाचा राजीनामा देत आहे. माझ्या २०२४ च्या बढतीपत्रातील कलम ७ नुसार मला साठ दिवसांची लेखी नोटीस लागू आहे. हे पत्र त्या कलमानुसार दिलेली नोटीस समजावे. ही नोटीस आज, ३० जानेवारी २०२६ रोजी आपल्या कार्यालयाला दिली आहे. त्यानुसार नोटिशीचा पहिला दिवस ३१ जानेवारी २०२६ आणि शेवटचा दिवस मंगळवार, ३१ मार्च २०२६ असून त्या दिवशी कामकाजाची वेळ संपल्यावर माझा राजीनामा अमलात येईल. नोटिशीच्या काळात मी माझे काम आणि ते सोपवण्याची जबाबदारी पूर्ण करीन. कृपया या पत्राची पोच द्यावी आणि वरील तारीख कळवावी.’

भाच्याला ते फार कोरडं वाटलं. आभाराचं एक वाक्य त्याने जोडलं, ते योग्यच होतं. पण वार आणि तारीख दोन्ही कशाला, असं त्याने विचारलं. तारीख लिहिताना आकडा चुकला तर वार तो पकडून देतो. ३१ मार्चच्या जागी चुकून ३० पडलं आणि पुढे मंगळवार लिहिलेलं असलं, तर वाचणारा थांबतो आणि विचारतो. ‘राजीनामा अमलात येईल’ हे वाक्य का, हाही त्याचा प्रश्न होता. त्याचं उत्तर जरा लांबचं आहे.

१९७७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सतीश चंद्र यांनी राष्ट्रपतींना ७ मे रोजी राजीनाम्याचं पत्र लिहिलं. पण त्यात लिहिलं की राजीनामा १ ऑगस्टपासून अमलात येईल. मधल्या काळात त्यांचा विचार बदलला आणि १५ जुलैला त्यांनी पत्र मागे घेतलं. ते मागे घेता येतं का, यावर वाद झाला. उच्च न्यायालयात निकाल त्यांच्या विरुद्ध गेला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि सांगितलं की पुढची तारीख घातलेला राजीनामा ती तारीख येईपर्यंत मागे घेता येतो, कारण तोवर पद सुटलेलंच नसतं. न्यायाधीशाचं पद आणि कारखान्यातली नोकरी यांत फरक आहे, पण हेच तत्त्व पुढे नोकरदारांच्या प्रकरणांतही वापरलं गेलं. नवी ऑफर ऐन वेळी रद्द होते, घरात आजारपण येतं, तेव्हा पत्रात पुढची स्पष्ट तारीख असणं हाच मोठा आधार असतो. करारात मागे घेण्यावर बंधन असेल किंवा कंपनीने तुमच्या जागी माणूस नेमून टाकला असेल, तर गोष्ट अवघड होते. पण ज्याने ‘तत्काळ’ लिहून दिलं आणि कंपनीने त्याच दिवशी ते स्वीकारलं, त्याच्याजवळ मागे घ्यायला काही उरतच नाही. एका शब्दापायी असा अडकलेला एक वयस्क फोरमन मला अजून आठवतो. त्याला राजीनामा द्यायचाच नव्हता, रागाच्या भरात दिला होता. ते पत्र माझ्याच टेबलावर आलं होतं आणि मी काही करू शकलो नव्हतो.

उलटी भीतीही असते. कंपनीने राजीनामा स्वीकारलाच नाही तर? २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर एअर इंडियाच्या एका कर्मचाऱ्याचं प्रकरण आलं होतं. तिथल्या नियमांत तीस दिवसांच्या नोटिशीची तरतूद होती, त्याने ती दिली आणि मुदत संपल्यावर काम थांबवलं. कंपनीचं म्हणणं होतं की आम्ही राजीनामा स्वीकारलेला नाही. न्यायालयाने सांगितलं की नोकरी सोडणं हा कर्मचाऱ्याचा हक्क आहे. नियमांत तशी अट नसेल किंवा त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई चालू वा व्हायची नसेल, तर स्वीकारलं नाही म्हणून त्याला बांधून ठेवता येत नाही. म्हणून करारात ‘स्वीकारल्यानंतरच राजीनामा लागू होईल’ असं वाक्य आहे का, हे पाहून ठेवावं. ते असेल तर पोच मिळाली एवढ्यावर थांबू नये, स्वीकृतीचं पत्र मागावं.

एवढं झाल्यावर भाच्याने हळूच विचारलं, ‘आणि पंधरा मार्चलाच सोडायचं असेल तर?’ नवी कंपनी लवकर बोलावत होती. हे पत्रात कसं लिहायचं, याचा मोह मोठा असतो. लोक सरळ लिहितात की नोटीस साठ दिवस, पण माझी बारा दिवसांची रजा शिल्लक आहे आणि तीन दिवसांचे पैसे कापून घ्या, म्हणून माझा शेवटचा दिवस १६ मार्च. हिशेब बरोबर असला तरी पत्र चुकीचं ठरतं, कारण रजा नोटिशीतून वजा करायची की नाही हे करार ठरवतो. उलट काही करारांत तर नोटिशीच्या काळात घेतलेली रजा नोटिशीच्या मुदतीत पुन्हा जोडली जाते, म्हणजे तारीख मागे यायच्या ऐवजी पुढे जाते.

पैशांचंही तसंच. कलमात ‘साठ दिवसांची नोटीस अथवा त्याबदल्यात मूळ वेतन’ असं असतं तेव्हा ‘अथवा’ कोणाच्या हातात आहे ते वाचा. काही करारांत पैसे भरून सुटण्याचा पर्याय कर्मचाऱ्याला असतो. पुष्कळांत ‘कंपनीच्या मर्जीनुसार’ असे शब्द असतात, मग तो पर्याय फक्त कंपनीचा. मूळ वेतन की एकूण पगार, हेही तिथेच पाहायचं. महिन्याला साठ हजार एकूण आणि तीस हजार मूळ असेल, तर तीन दिवस कमी पडल्याबद्दल मूळ वेतनाने तीन हजार होतात, एकूण पगाराने सहा हजार. काही ठिकाणी महिना तीसऐवजी सव्वीस दिवसांचा धरतात, मग आकडा आणखी वाढतो. या वसुलीवर वस्तू आणि सेवा कर लागतो का, असा गोंधळ मध्यंतरी होता. केंद्राच्या ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने तो लागत नाही असं सांगितलं, तेव्हा हिशेबात कुणी तो जोडला तर हरकत घ्या.

नोटीस अर्धवट टाकून गेलात, तर कंपनी तुम्हाला ओढून कामावर बसवू शकत नाही. व्यक्तिगत सेवेचा करार बळजबरीने पाळायला लावता येत नाही, हे आपल्या कायद्यात पक्कं आहे. ती मागू शकते ती भरपाई, आणि १८७२ च्या करार कायद्याच्या ७४ व्या कलमानुसार करारात लिहिलेला आकडा ही त्या भरपाईची वरची मर्यादा असते. पण हा सगळा शेवटचा मार्ग. त्यात रिलीव्हिंग लेटर मिळत नाही आणि वाद वर्षानुवर्षं चालू शकतो.

म्हणून लवकर सुटायचं असेल तर दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. राजीनाम्याच्या पत्रात करारानुसार पूर्ण नोटीस आणि तिची खरी शेवटची तारीख. त्याखाली वेगळ्या परिच्छेदात विनंती: ‘शक्य असल्यास मला १६ मार्च २०२६ रोजी कार्यमुक्त करावे. कमी पडणाऱ्या दिवसांची भरपाई कलम ७ नुसार करण्यास मी तयार आहे. ही विनंती मान्य न झाल्यास वर दिलेली ३१ मार्चची तारीख कायम राहील.’ शेवटचं वाक्य गाळू नका. ते नसेल तर विनंती नाकारल्यावर पत्रात नक्की काय उरलं, हे कुणालाच सांगता येत नाही. भाच्याने विचार केला आणि विनंतीचा परिच्छेद काढून टाकला. नव्या कंपनीला १ एप्रिलच सांगायचं ठरवलं.

कारखान्यात स्थायी आदेश लागू असलेले कामगार, सरकारी कर्मचारी आणि बॉण्डवर सही केलेले यांचे नियम वेगळे असतात. बॉण्डची मुदत आणि नोटिशीची मुदत तर दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. नोटीस पूर्ण केली तरी बॉण्डचं बंधन संपतंच असं नाही. त्यांनी हा नमुना जसाच्या तसा उचलू नये, आपला कागद वेगळा काढून बघावा.

शुक्रवारी दुपारी सव्वादोन वाजता भाच्याने पत्र एच.आर. प्रमुखांच्या ठरलेल्या पत्त्यावर पाठवलं, मॅनेजरला प्रत दिली आणि स्वतःच्या वैयक्तिक पत्त्यावरही एक प्रत पाठवून ठेवली. ती शेवटची प्रत फार कामाची, कारण नोकरी सुटली की कंपनीचा मेल त्याच संध्याकाळी बंद होतो.

पुढच्या गुरुवारी स्वीकृतीचं पत्र आलं. त्यात शेवटचा दिवस ३ एप्रिल लिहिलेला होता. कुणीतरी मॅनेजरच्या मंजुरीच्या तारखेपासून, म्हणजे सोमवारपासून मोजलं होतं. भाच्याचा फोन आला तेव्हा आवाज घाबरलेला होता. मी त्याला भांडायला सांगितलं नाही. त्याने दोन ओळींचं उत्तर लिहिलं की नोटीस कलम ७ नुसार आपल्या कार्यालयाला ३० जानेवारीला दुपारी मिळाली आहे, मेल सोबत जोडला आहे, साठावा दिवस ३१ मार्च येतो, कृपया तारीख दुरुस्त करून कळवावी. दुसऱ्या दिवशी सुधारलेलं पत्र आलं. ३१ मार्चला, मंगळवारी, साडेपाचच्या पाळीला त्याने गेटवर ओळखपत्र जमा केलं आणि बुधवारी सकाळी नव्या बसने निघाला.